व्हिसासाठी पगाराच्या फोडीचा दाखला: एचआरला अर्ज कसा लिहायचा?

सुनेत्रा_कुडचडे · रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत मी प्रयोगशाळेत कामाला आहे. धाकटी बहीण लिस्बनला असते आणि तिचं पहिलं बाळंतपण सप्टेंबरात आहे. आईला गुडघ्यांमुळे एवढा प्रवास झेपणार नाही, म्हणून मीच जायचं ठरलंय. खर्च माझा मीच करणार, त्यामुळे व्हिसाच्या कागदांत माझ्या पगाराचा पुरावा लागतो. केंद्रातली तारीख वीस मेची मिळाली आहे.

मी एचआरला दोन ओळींचा ईमेल केला, "व्हिसासाठी सॅलरी सर्टिफिकेट हवं आहे." तिसऱ्या दिवशी सही-शिक्क्याचं पत्र हातात आलं. त्यात लिहिलंय: मासिक पगार ४९,७०७, कपात ३,५६०, हातात ४६,१४७.

पण सात एप्रिलला माझ्या खात्यात ३८,०९० जमा झालेत. म्हणजे पत्रात आणि पासबुकात ८,०५७ रुपयांचा फरक. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये लावायचे आहेत. पगारवाल्याला विचारलं तर म्हणाला, दाखला असाच असतो, सगळे घेऊन जातात.

हा दाखला असाच लावू का? की पुन्हा अर्ज करू? करायचा तर नेमकं काय मागायचं, ते कुणी सांगेल का? तिथल्या टेबलापलीकडचा माणूस आपल्याला ओळखत नाही. त्याच्यासमोर आपण खोटं बोलतोय असं दिसू नये एवढंच मला वाटतं.

---

सत्तरीचा_नाईक · रविवार, रात्री १०:१२

ताई, कंपनीच्या मागे कशाला लागता? मामलेदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढा. अर्ज, रेशन कार्डाची प्रत, पगाराची पावती जोडायची. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी मी काढला होता. सरकारी शिक्का असला की कुणी प्रश्न विचारत नाही.

---

मडगावकर_७१ · रविवार, रात्री १०:३१

नाईक, तो दाखला शिष्यवृत्तीसाठी ठीक आहे. वकिलातीला मालकाकडचाच कागद लागतो.

सुनेत्राताई, माझं मत सांगतो. दाखल्यात कपात दाखवूच नका. फक्त ढोबळ पगार लिहून घ्या. आकडा जेवढा मोठा तेवढं बरं. मी तीन वर्षांपूर्वी जर्मनीला मुलाकडे गेलो तेव्हा माझ्या दाखल्यात एकच ओळ होती, "वार्षिक सीटीसी इतकी इतकी". व्हिसा मिळाला. बँकेचं स्टेटमेंट वेगळं असतं हे त्यांनाही कळतं.

---

बांद्याहून · रविवार, रात्री १०:४०

मडगावकर काका, तुमच्या खात्यात फंडाचे आणि ठेवींचे पैसेही असतील ना? ताई नोकरीच्या पगारावर जाते आहे. तिच्याकडे दाखवायला तेवढंच आहे.

---

तारवटी_वास्को · रविवार, रात्री ११:०५

माझाही प्रश्न इथेच विचारतो. मी बोटीवर असतो. आठ महिने काम, चार महिने घरी. घरी असताना पगार शून्य. बायकोला आणि मला फिरायला जायचंय. कंपनीचं पत्र म्हणतं "कंत्राट संपले", आणि वकिलात मागते गेल्या तीन महिन्यांच्या पावत्या. कुठून आणू? सुनेत्राबाय, तुझं काम झालं की माझ्याकडेही बघा कुणीतरी.

---

हिशेबनीस_फोंडा · सोमवार, सकाळी ७:२०

सुनेत्राताई, हा दाखला लावू नका. कुंडईच्या कारखान्यांत बावीस वर्षं पगारपत्रकं केली आहेत, म्हणून ठामपणे सांगतो.

दाखला, पगाराच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट हे तीन कागद एकमेकांशेजारी ठेवून बघतात. तपासणाऱ्याला तुमचा पगार मोठा की लहान याच्याआधी एक गोष्ट बघायची असते, ती म्हणजे तिन्हीकडे एकच आकडा येतो का. दाखल्यावर ४६,१४७ आणि खात्यात ३८,०९० असेल तर त्याला दोनच शक्यता दिसतात: दाखला खरा नाही, किंवा पगाराचा काही भाग कुठे जातो ते सांगितलेलं नाही. दोन्ही तुमच्या विरोधात जातात.

मडगावकरांना व्हिसा मिळाला हे खरं, पण सीटीसी लिहिल्यामुळे मिळाला असं म्हणता येत नाही. सीटीसी म्हणजे मालकाला तुम्ही किती महाग पडता तो आकडा. तो तुमचा पगार नव्हे.

ताई, तुमची मार्चची पावती इथे टाका. नाव, कर्मचारी क्रमांक, बँक खातं, पीएफ क्रमांक झाकून. फरक कुठे गेला ते पैशापर्यंत शोधून देतो.

---

सुनेत्रा_कुडचडे · सोमवार, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. मार्चची पावती अशी:

मूळ पगार २४,०००
महागाई भत्ता ४,०००
घरभाडे भत्ता ८,४००
प्रवास भत्ता १,६००
मुलांचा शिक्षण भत्ता २००
विशेष भत्ता ६,८००
पाळी भत्ता १,५००
एकूण ४६,५००

कपात:
पीएफ ३,३६०
कँटीन ४५०
पतसंस्थेचा हप्ता ४,०००
आईबाबांच्या मेडिक्लेमचा हप्ता ६००
एकूण ८,४१०

निव्वळ ३८,०९०

पावती बरोबर आहे, बँकेशी जुळते. चुकलाय तो दाखलाच. पण ४९,७०७ हा आकडा तर पावतीवर कुठेच नाही!

---

हिशेबनीस_फोंडा · सोमवार, संध्याकाळी ६:४५

सापडला. नेमणूकपत्राला जोडलेला सीटीसीचा तक्ता बघून त्यांनी दाखला भरलाय. पगारपत्रक कुणी उघडलेलंच नाही.

तुमचे ठरलेले भत्ते धरून पगार होतो ४५,०००. त्यात मालकाचा पीएफचा वाटा मिळवला, मूळ अधिक महागाई भत्ता मिळून २८,०००, त्याचे बारा टक्के ३,३६०. ग्रॅच्युइटीची तरतूद मिळवली, त्याच २८,००० वर ४.८१ टक्के, म्हणजे १,३४७. बेरीज ४९,७०७. हे ज्यादा ४,७०७ तुमच्या हातात कधीच येत नाहीत. एक पीएफ खात्यात जातात, दुसरे नोकरी सोडताना, तेही अटी पुऱ्या झाल्या तर.

आता उलटं चला. दाखल्यातले ४६,१४७ घ्या. त्यातून हे ४,७०७ काढले की ४१,४४० उरतात. दाखल्यात पाळी भत्ता नाही, तो १,५०० मिळवा: ४२,९४०. कँटीन, पतसंस्था आणि मेडिक्लेम मिळून ५,०५० दाखल्यात कापलेलेच नाहीत, ते वजा करा: ३७,८९०. तुमच्या खात्यात आलेत ३८,०९०. अजून २०० रुपये राहिले.

ताई, दाखल्यात कपात ३,५६० आहे आणि तुमचा पीएफ ३,३६०. मधले २०० कसले लिहिलेत ते जरा बघून सांगाल?

---

सुनेत्रा_कुडचडे · सोमवार, संध्याकाळी ७:०२

"प्रोफेशन टॅक्स २००". पण माझ्या पावतीवर असलं काही नाही!

---

बांद्याहून · सोमवार, संध्याकाळी ७:१०

हे मला माहीत आहे! तो महाराष्ट्राचा कर. माझा भाऊ कुडाळला नोकरीला आहे, त्याचे दरमहा २०० कापतात आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. मी राहतो बांद्याला, पण नोकरी पेडण्यात, माझा एक रुपयाही कापत नाहीत. गोव्यात हा कर नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडला की पावतीतली ती ओळच गायब.

---

हिशेबनीस_फोंडा · सोमवार, संध्याकाळी ७:३०

बांदेकरांनी बरोबर पकडलं. कंपनीचं मुख्य कार्यालय महाराष्ट्रात असणार आणि दाखल्याचा छापील नमुना तिथून आलेला. त्यातली ओळ इथे कुणी पुसली नाही. म्हणजे न कापलेला कर कापला असं कंपनी सही-शिक्क्यानिशी लिहून देते आहे. व्हिसाचं सोडा, हे तसंही दुरुस्त व्हायलाच हवं.

२०० मिळवा, ३८,०९० आले. मेळ बसला.

---

म्हापशाची_मुक्ता · सोमवार, रात्री ८:१५

एवढा हिशेब करून दिलात, दादा, वाचताना अंगावर काटा आला. माझ्या नवऱ्याच्या दाखल्यातही सीटीसीच होती, आम्ही बघितलंही नव्हतं.

---

पर्वरी_डेस्क · सोमवार, रात्री ८:५०

मी एचआरमध्ये आहे (वेगळ्या कंपनीत). आमची बाजूही लिहिते.

"सॅलरी सर्टिफिकेट हवं" एवढाच ईमेल आला की आमच्या हाताखालचा मुलगा तयार नमुना उघडतो, नाव टाकतो, छापतो. गृहकर्जाच्या बँकेला वेगळं लागतं, भाडेकराराला वेगळं, व्हिसाला वेगळं. बँकेला सीटीसी चालते म्हणून तोच नमुना सगळीकडे जातो. त्याला दोष देऊ नका, अर्जातच काम काय ते लिहा.

अर्ज करताना तीन गोष्टी सांगितल्यात तर आमचं काम एका फेरीत होतं: कुठल्या महिन्यांचा, कुणाच्या नावे, आणि कुठल्या कागदाशी आकडा जुळायला हवा.

आणि नाव! आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं आडनावच नव्हे, पाळण्यातलं नावही बदलायची पद्धत. कार्यालयातल्या नोंदीत माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, बँकेत तिसरंच. गेल्या वर्षी एका मुलीचा दाखला मी स्वतः तीनदा छापला. सुनेत्राताई, पासपोर्ट हातात घेऊन अक्षर अन् अक्षर जुळवून बघा.

---

सुनेत्रा_कुडचडे · सोमवार, रात्री ९:०५

पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आहे, कंपनीत नाही. हे मी बघितलंच नव्हतं. देव बरें करूं, ताई.

आणखी एक. एप्रिलचा पगार सात मेला आला, तो ३५,०४४ आहे. मी दोन दिवस बिनपगारी रजेवर होते, बाबांना गोमेकॉत दाखवायला नेलं होतं. फेब्रुवारीचा ३८,३९० आला होता. आता दाखल्यात "मासिक पगार" म्हणून कुठला आकडा लिहायचा? सरासरी काढू का?

---

मडगावकर_७१ · सोमवार, रात्री ९:२०

सरासरी सोपी पडेल. तिन्हींची बेरीज करून तीनने भागा.

---

हिशेबनीस_फोंडा · मंगळवार, सकाळी ७:०५

सरासरी नको, काका. सरासरीचा आकडा बँकेच्या स्टेटमेंटवर एकदाही दिसणार नाही. मग पुन्हा तोच घोळ.

तिन्ही महिने वेगळे दाखवायचे. एप्रिल घेऊन बघा. तीस दिवसांतले अठ्ठावीस दिवस भरले, तेव्हा ठरलेल्या ४५,००० चे झाले ४२,०००. पाळी भत्ता किती आला?

---

सुनेत्रा_कुडचडे · मंगळवार, सकाळी ७:४०

१,२००. कँटीन ४२०.

---

हिशेबनीस_फोंडा · मंगळवार, सकाळी ८:१५

मग एकूण ४३,२००. पीएफही दिवसांप्रमाणे कमी होतो, २८,००० चे अठ्ठावीस दिवसांचे २६,१३३, त्याचे बारा टक्के ३,१३६. त्यात कँटीन ४२०, पतसंस्था ४,००० आणि मेडिक्लेम ६०० धरून कपात ८,१५६. निव्वळ ३५,०४४. तुमच्या खात्यातला आकडा.

हेच दाखल्यात यायला हवं. "बिनपगारी रजा २ दिवस" ही नोंद त्या महिन्यासमोर असू दे. ती लपवली तर कमी पगाराचं कारण कुणाला कळणार नाही, लिहिली तर एका ओळीत उलगडतं.

दुसरा खड्डा तारखेचा. तुमच्याकडे पगार पुढच्या महिन्याच्या सातला होतो. स्टेटमेंटवर सात एप्रिलला दिसणारे ३८,०९० हे मार्चचे. तपासणारा एप्रिलच्या पावतीवरचा आकडा एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये शोधतो, सापडत नाही, आणि फाइल बाजूला ठेवतो. म्हणून प्रत्येक महिन्यासमोर खात्यात जमा झाल्याची तारीख हवीच.

---

तारवटी_वास्को · मंगळवार, सकाळी ८:४०

हे माझ्या कामाचं निघालं. आमच्याकडे जहाजावरचा पगार कधी दीड महिन्याने घरच्या खात्यात येतो, आणि डॉलरचा रुपया होऊन येतो. मग जुळवायचं कशाशी?

---

हिशेबनीस_फोंडा · मंगळवार, सकाळी ९:००

दादा, जहाजावरच्या पगाराचं काम मी कधी केलेलं नाही, अंदाजाने सांगणार नाही. कुणी बोटीवाला असेल तर त्याने लिहावं.

---

शेळवणकर · मंगळवार, सकाळी ९:४५

माझा मेहुणा क्रूझवर आहे. त्याने जहाजावरची महिनावार पगाराची पत्रकं, संपलेल्या कंत्राटाची प्रत आणि पुढच्या कंत्राटाचं पत्र असं एकत्र लावलं होतं. पुढचं कंत्राट होतं म्हणून माणूस परत येणार हे दिसत होतं. त्याचं झालं. सगळ्यांचं तसंच होईल का, सांगता येत नाही.

---

तारवटी_वास्को · मंगळवार, सकाळी ९:५८

पात्रांव, पुढचं कंत्राट हे सुचलंच नव्हतं. एजंटाला आजच फोन करतो.

---

म्हापशाची_मुक्ता · मंगळवार, दुपारी १२:२०

सीएकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं का दाखला? आमच्या ओळखीतल्या एजंटाने सीएच्या पत्राचे पैसे घेतले.

---

पर्वरी_डेस्क · मंगळवार, दुपारी १:०५

नोकरदाराला नाही. त्याचा पगार देणारा त्याचा मालक, तोच सांगणार. स्वतःचा धंदा असेल तर सीएची कागदपत्रं येतात. एजंट सगळ्यांना एकच यादी देतात.

कंपनीच्या लेटरहेडवर, सही करणाऱ्याचं नाव, पद, फोन आणि कंपनीचा ईमेल लिहिलेला असावा. वकिलातीतून कधी कधी खरंच फोन येतो. आमच्याकडे एकदा आला तेव्हा सही करणारे साहेब रजेवर, आणि उचलणाऱ्या मुलाने "मला माहीत नाही" म्हणून ठेवून दिला. त्या दिवसापासून दाखल्याची प्रत आम्ही स्वागतकक्षातही देतो.

---

सुनेत्रा_कुडचडे · मंगळवार, रात्री ९:३०

सगळं वाचून अर्ज लिहिला आहे. चुका काढा. कंपनीत इंग्रजीत देणार आहे, पण आधी मराठीत लिहिलं की डोकं साफ राहतं.

*प्रति, व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग.*

*विषय: व्हिसा अर्जासाठी पगाराच्या फोडीचा दाखला मिळण्याबाबत.*

*महोदय, मी गुणवत्ता तपासणी प्रयोगशाळेत कामाला आहे. सप्टेंबरात बहिणीला भेटायला पोर्तुगालला जायचे असून व्हिसा अर्जाची तारीख २० मे आहे. यापूर्वी मिळालेल्या दाखल्यातील रक्कम माझ्या पगाराच्या पावत्यांशी व बँक खात्याशी जुळत नाही. त्यात सीटीसीचा आकडा मासिक पगार म्हणून आला आहे, तसेच न कापलेला प्रोफेशन टॅक्स दाखवला आहे. तो दाखला मी सोबत परत करीत आहे.*

*कृपया फेब्रुवारी, मार्च व एप्रिल या तीन महिन्यांचा नवा दाखला प्रत्यक्ष पगारपत्रकावरून द्यावा. प्रत्येक महिन्यासाठी मूळ पगार, महागाई भत्ता व प्रत्येक भत्ता वेगळा, त्यांची बेरीज, प्रत्येक कपात वेगळी, तिची बेरीज, निव्वळ पगार आणि खात्यात जमा झाल्याची तारीख असावी. एप्रिलमधील दोन दिवसांच्या बिनपगारी रजेची नोंद असावी. मालकाचा पीएफ वाटा व ग्रॅच्युइटी या बेरजेत धरू नये. माझे नाव पासपोर्टप्रमाणे लिहावे, प्रत सोबत जोडली आहे.*

*तपासणीच्या सोयीसाठी तिन्ही महिन्यांच्या पावत्या व बँक स्टेटमेंटची संबंधित पाने जोडत आहे. दाखला १५ मेपर्यंत मिळाल्यास दुरुस्तीला वेळ राहील.*

*आपली विश्वासू...*

---

पर्वरी_डेस्क · मंगळवार, रात्री ९:५५

असा अर्ज माझ्या टेबलावर आला तर मी त्याच दिवशी देईन. दोन बदल करा. जुना दाखला परत करताना त्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. आणि "कुणाच्या नावे" हे राहिलं. आम्ही "संबंधितांसाठी" असा देतो, म्हणजे कुठेही चालतो.

---

हिशेबनीस_फोंडा · मंगळवार, रात्री १०:२०

अर्ज उत्तम झालाय. नावाबाबत माझं मत वेगळं. पणजीत पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास आहे, त्याच्याच नावे घ्या आणि कामही लिहून घ्या. एका कामासाठी दिलेला कागद जास्त वजनाचा वाटतो.

---

पर्वरी_डेस्क · मंगळवार, रात्री १०:३०

आणि तारीख किंवा देश बदलला तर बिचारीने पुन्हा अर्ज करायचा? दादा, इथे आपलं जमणार नाही.

---

बांद्याहून · मंगळवार, रात्री १०:४२

दोन्ही प्रती घ्या. शिक्का मारायला काय, एकदा ठप्प की दोनदा ठप्प.

---

मडगावकर_७१ · बुधवार, सकाळी ८:१०

माझं कपातीबद्दलचं म्हणणं मी मागे घेतो. मुलाने यूकेचा अर्ज भरला तेव्हाचं आठवलं. तिथे कर कापून महिन्याला हातात किती येतं, असंच विचारतात. म्हणजे निव्वळ आकडाच त्यांना हवा असतो.

पण एक शंका उरते. पतसंस्थेचा ४,००० चा हप्ता दाखल्यात आला की मुलीवर कर्ज आहे हे कळणार. ते बरं दिसेल का? पीएफ कायद्याने कापतात, हे मात्र तिने स्वतः घेतलेलं.

---

हिशेबनीस_फोंडा · बुधवार, संध्याकाळी ७:३५

चांगला प्रश्न. दाखल्यात कपातीचे दोन गट करा: कायद्याने होणारी आणि कर्मचाऱ्याने स्वतः लिहून दिलेली. पीएफ पहिल्यात, बाकी तिन्ही दुसऱ्यात. मग वाचणाऱ्याला कळतं की पगार कमी नाही, त्यातून हिने काही देणी पगारातूनच फेडायची सोय केली आहे. हप्ता न दाखवता निव्वळ जुळवायचा कुठलाही प्रामाणिक मार्ग नाही.

कर्ज असणं चांगलं की वाईट, हे मात्र अधिकारी कसं बघतो त्यावर. कुणी म्हणतं कर्ज फेडायला माणूस परत येणारच, कुणी म्हणतं पैसा कमी पडेल. मला दोन्ही पटतं.

---

सत्तरीचा_नाईक · बुधवार, रात्री ८:००

पतसंस्थेचं कर्ज कसलं आहे ते पत्रात लिहिलं तर? घराच्या छपराचं असेल तर सरळ दिसतं.

---

सुनेत्रा_कुडचडे · बुधवार, रात्री ८:२५

छपराचंच आहे, नाईकदादा. गेल्या पावसाळ्याआधी कौलं बदलली. तुम्हाला कसं कळलं?

---

सत्तरीचा_नाईक · बुधवार, रात्री ८:३१

बाय, गोव्यात एप्रिलमध्ये पतसंस्थेचं कर्ज आणखी कशाला काढतात!

---

म्हापशाची_मुक्ता · गुरुवार, दुपारी ३:१०

पगारातून आयकर कापलाच नसेल तर? माझ्या नवऱ्याचा कापत नाहीत. दाखल्यात ती ओळ लिहायची की सोडायची?

---

हिशेबनीस_फोंडा · गुरुवार, संध्याकाळी ७:०५

"आयकर: शून्य" असं लिहून घ्या. ओळ सोडली तर विसरले की काय, असं वाटतं. सुनेत्राताईंचं वर्षाचं उत्पन्न साडेपाच लाखांच्या आसपास, नव्या करपद्धतीत त्यावर कर बसत नाही. तरी विवरणपत्र भरलेलं असेल तर त्याची पोच जोडा. विवरणपत्रातलं पगाराचं उत्पन्न गेल्या आर्थिक वर्षाचं असतं, त्यामुळे ते या तीन महिन्यांशी जुळायचं नाही. त्याची काळजी नको.

---

सुनेत्रा_कुडचडे · शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

दाखला मिळाला!

सकाळी अर्ज घेऊन गेले. पगारवाले म्हणाले, "एवढं कोण बघतं?" मी काही बोलले नाही. बँकेचं पान आणि पावती त्यांच्यासमोर ठेवली आणि ४६,१४७ च्या खाली पेन्सिलने ३८,०९० लिहिलं. त्यांनी चष्मा लावला, दोन मिनिटं बघितलं, मग स्वतःच पगारपत्रकाचा संगणक उघडला. प्रोफेशन टॅक्सची ओळ त्यांनाही पटली नाही, वर फोन करून नमुना बदलायला सांगितलं. आता पुढच्या सगळ्यांना बरोबर मिळेल.

नव्या दाखल्यात तीन महिन्यांची एकूण बेरीजही आहे: मिळकत १,३६,५००, कपात २४,९७६, निव्वळ १,११,५२४. मी बँकेच्या तीन नोंदी मिळवून बघितल्या, तेवढेच येतात. दोन्ही प्रती घेतल्या, एक दूतावासाच्या नावे, एक "संबंधितांसाठी". नाव पासपोर्टप्रमाणे आहे.

हिशेबनीसदादा, पर्वरीताई, तुमचे उपकार विसरणार नाही. बहिणीला फोनवर सगळं वाचून दाखवलं, ती रडली.

---

हिशेबनीस_फोंडा · शुक्रवार, रात्री ८:१०

छान झालं. वीस तारखेला जाण्याआधी रजेच्या पत्रावरच्या तारखा आणि विमानाच्या आरक्षणाच्या तारखा एकदा जुळवा. आणि सहीखालची तारीख बघा. बऱ्याचदा जुना नमुना उघडून छापतात आणि तारीख गेल्या वर्षाची राहते.

---

सुनेत्रा_कुडचडे · शुक्रवार, रात्री ८:१८

बघितली. तारीख आजचीच आहे, वर्षही हेच.

---

शिगांवचो_उमेश · शनिवार, सकाळी १०:३०

धागा आत्ता वाचला. माझा प्रश्न थोडा वेगळा. मी ठेकेदाराकडून त्याच वसाहतीत काम करतो. पगार कंपनी ठरवते, देतो ठेकेदार, आणि पावती हाताने लिहिलेली मिळते. मग दाखला कुणाकडे मागायचा?

---

पर्वरी_डेस्क · शनिवार, सकाळी ११:१५

ज्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात पैसे येतात, त्याच्याकडे. पीएफच्या पासबुकात मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते आधी बघा, आणि ते बघून इथे लिहा.